दुबईहून घरी पैसे पाठवताना 'शून्य फी' खरोखर स्वस्त पडते का?

"मी दर महिन्याला दुबईहून चिपळूणला आईच्या खात्यात पैसे पाठवतो. एका ठिकाणी २० दिरहम फी आहे, दुसरीकडे काहीच नाही. कुठून पाठवू?"

फीकडे न पाहता आईच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील, एवढेच दोन्हीकडे विचारावे. समजा, त्या दिवशी बाजारातील मधला दर २३ रुपये आहे. फी घेणारा २२.९० देतो आणि 'शून्य फी'वाला २२.७०. तुमच्याकडे एकूण ४,००० दिरहम असतील, तर पहिल्याकडून ३,९८० दिरहमांचे ९१,१४२ रुपये होतात, दुसऱ्याकडून ९०,८००. म्हणजे फुकटची सेवा ३४२ रुपयांनी महाग पडली. मात्र ५०० दिरहमच पाठवायचे असतील, तर दुसराच बरा, कारण फी ठरावीक असते आणि दरातला फरक रकमेबरोबर वाढतो. या दरांना हे पारडे सुमारे २,२९० दिरहमांवर फिरते.

तिसरा खर्च इकडचा. रक्कम रुपयांतच आली, तर आईच्या बँकेला चलन बदलावे लागत नाही. बँकेमार्फत डॉलर आले, तर दर तिची बँक ठरवते, चलनबदलावर जीएसटी लागतो (किमान ४५ रुपये) आणि मधली बँकही वाटेत काही कापू शकते. पासबुकात रक्कम कमी दिसली, तर बँकेकडून जमा-तपशील मागून त्यातील दर व कपात वेगवेगळी पाहावी.