निष्कर्षाच्या प्रकरणात पुन्हा तेच आकडे का नकोत?

प्रश्न: एम.एस.डब्ल्यू.चा लघुप्रबंध लिहितेय. गाईड म्हणतात, “शेवटचं प्रकरण म्हणजे चौथ्या प्रकरणाची झेरॉक्स आहे.” पण माझे निष्कर्ष तेच आहेत, मग वेगळं लिहू तरी काय?

उत्तर: तुमच्यासारख्याच एका मुलीचा लघुप्रबंध मी गेल्या वर्षी वाचला, त्यावरून सांगतो. (आकडे बदललेत, गणित तेच आहे.)

विषय होता गावातली नळजोडणी. तिने 60 घरं पाहिली, त्यात 52 घरांत नळ होते. तरीही नळवाल्या 30 घरांतल्या बायका विहिरीवर जात होत्या. तिच्या शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं: “87 टक्के घरांत नळ असून त्यांपैकी 58 टक्के घरांना विहिरीचा वापर करावा लागतो.” खरं आहे, पण हे चौथ्या प्रकरणातच वाचून झालं होतं. “बरं मग?” हा प्रश्न तसाच राहिला.

निवाडा करायचा तर मोजपट्टी हवी. इथे ती आयती होती. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झालं, तेव्हापासून त्यात माणशी रोज 55 लिटर हा मापदंड आहे. मुलीकडे बादली भरायला लागणाऱ्या वेळाच्या नोंदी होत्या, पण त्या परिशिष्टात पडून होत्या. पाणी एक दिवसाआड 40 मिनिटं यायचं. वरच्या आळीत 20 लिटरची बादली भरायला 4 मिनिटं लागायची, म्हणजे एका पाळीत 10 बादल्या, 200 लिटर. पाच माणसांच्या घराला ते दोन दिवस पुरवायचं, म्हणजे माणशी रोज 20 लिटर. खालच्या आळीत बादली दीड मिनिटात भरायची. तिथे हेच गणित माणशी 53 लिटरच्या आसपास जातं. आणि विहिरीवर जाणाऱ्या 30 घरांपैकी 23 वरच्या आळीतली होती.

हे गणित मी तिला चौथ्या प्रकरणात हलवायला लावलं, कारण शेवटच्या प्रकरणात नवा पुरावा आणायचा नसतो. तिथे फक्त त्याचं वजन सांगायचं. नवं वाक्य असं झालं: “या गावात नळजोडणीचा आकडा पाणी मिळण्याचं माप म्हणून वापरता येत नाही. खालच्या आळीत योजना मापदंडाच्या जवळ पोचते, वरच्या आळीत निम्म्यापर्यंतही नाही, आणि फरक जोडणीचा नसून दाबाचा दिसतो.” यात एकही टक्का नाही. पण हे वाक्य चौथ्या प्रकरणात कुठेच नव्हतं, आणि ते म्हणायला तिला बाजू घ्यावी लागली.

“दिसतो” हा शब्द मुद्दाम आहे. तिने आधी “सिद्ध होते” लिहिलं होतं. दाब तिने मोजलाच नव्हता, बादलीच्या वेळेवरून ताडला होता. शिवाय पाहणी मार्चमधली, म्हणजे मे महिन्यात हाल वाढतच असणार. तेव्हा पाणी अपुरं आहे हे ती ठामपणे म्हणू शकते, पण का अपुरं आहे हे जरा दबकत. मर्यादा नावाचा वेगळा परिच्छेद करून तिथे सगळं ढकलण्यापेक्षा ही अशी त्या-त्या वाक्यातच आलेली बरी. दुसऱ्या टोकाला जाऊन “योजना अपयशी ठरली” असंही एकदा लिहून झालं होतं. एका गावातल्या 60 घरांवरून ते कसं म्हणणार?

शिफारशींत तर नेहमीचा मासला होता: “शासनाने पाण्याबाबत जनजागृती करावी.” हे वाक्य पाहणी न करताही लिहिता आलं असतं, म्हणून खोडलं. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला कसली जागृती हवी आहे? तिच्या पुराव्यातून निघत होती ती शिफारस साधी होती: दोन्ही आळ्यांना वेगळे व्हॉल्व्ह बसवून वेगवेगळ्या वेळी पाणी सोडून पाहावं, आणि बादलीचा वेळ पुन्हा मोजावा.

आता राहिली खालच्या आळीतली ती 7 घरं, जिथे पाणी जवळपास पुरेसं आणि तरीही विहीर. तिने ती गाळली होती, कारण दाबाच्या मुद्द्यात ती बसत नव्हती. बहिःस्थ परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. मुलाखतीच्या वह्या पुन्हा चाळल्या तर त्यातल्या बहुतेक बायकांनी म्हटलं होतं की नळाच्या पाण्याला जंतू मारायला टाकलेल्या टीसीएल पावडरचा वास येतो आणि डाळ शिजत नाही. मग निष्कर्षाला एक वाक्य जोडलं: दाब वाढवला तरी स्वयंपाकाचं पाणी काही घरं विहिरीवरूनच आणतील, तेव्हा व्हॉल्व्हने सगळा प्रश्न सुटेल असं या पाहणीवरून म्हणता येत नाही.

बारा पानांचं प्रकरण साडेतीन पानांवर आलं. पानं कमी पडतील म्हणून ती घाबरली होती, पण गाईडनी त्यावर काही म्हटलं नाही.