‘वेग’, ‘चाल’ आणि चंद्राची वाट

*फोंड्याहून आलेला प्रश्न:* मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता सातवीत इंग्रजीतून शिकते. घरी मी तिला गणितं मराठीत समजावते. चंद्र ३,८४,४०० किमी दूर, अपोलो यानाचा वेग सेकंदाला १०.८ किमी. भागाकार केला तर दहा तास येतात, पण सगळीकडे तीन दिवस लागले असं लिहिलेलं. प्रकाशाचं गणित मात्र बरोबर येतं, सव्वा सेकंद. स्पीडला मी ‘वेग’ म्हणते तिथेच चुकतंय का? ‘चाल’ म्हणायला हवं का?

बोलण्यात ‘वेग’ म्हणालात तर काही बिघडत नाही. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत स्पीडला ‘चाल’ आणि व्हेलॉसिटीला ‘वेग’ अशी वाटणी आहे. वेगात दिशा धरलेली असते, चालीत नसते. आपल्याकडे गोव्यात मुलं पाचवीपासून शास्त्र इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे ही वाटणी त्यांच्या कानावर सहसा पडत नाही आणि घरी दोन्हींना ‘वेग’ हा एकच शब्द पुरतो. पुढे चंद्रयानाशी पोचलो की ही वाटणी कामाला येईल. अपोलोचं गणित मात्र तिच्यामुळे अडलेलं नाही. तिथे १०.८ या आकड्यामागचं एक विशेषण गळलंय. तो आकडा ‘सुटतानाच्या’ चालीचा आहे, आणि भागाकाराला लागते ‘सरासरी’ चाल.

प्रकाशाला विशेषण लागत नाही, कारण अवकाशात त्याची चाल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकच असते: सेकंदाला २,९९,७९२ किमी. ३,८४,४०० ला तिने भागलं की १.२८ सेकंद येतात. तुम्ही ‘सव्वा’ लिहिलंय, आणि तो शब्द मला फार आवडला, कारण तो नुसता ढोबळ नाही. ३,८४,४०० हे अंतर पृथ्वीच्या मध्यापासून चंद्राच्या मध्यापर्यंतचं, तेही सरासरी. चंद्र डोक्यावर असताना अंगणातून त्याच्या जमिनीपर्यंत मोजायचं तर पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आणि चंद्राची १,७३७ किमी वजा करावी लागते. उरतात ३,७६,२९२ किमी, आणि त्याला प्रकाश घेतो १.२५५ सेकंद. म्हणजे चोख सव्वा.

आता अपोलो ११. १६ जुलै १९६९ ला यान उडालं, पृथ्वीभोवती दीड फेरी मारली, मग इंजिन पेटवून चंद्राकडे सुटलं. इंजिन बंद झालं तेव्हाची चाल सेकंदाला सुमारे १०.८ किमी. त्यानंतर वाटेतल्या किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर इंजिन चाललंच नाही. आल्तिनोचा चढ डोळ्यांसमोर आणा. पायथ्याशी सायकल जोरात आणायची आणि चढ लागला की पायडल मारणं सोडून द्यायचं. पायथ्याच्या जोरावर सायकल चढते खरी, पण प्रत्येक वळणावर मंदावत जाते. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण हा तसाच चढ आहे, आणि तो पायथ्याशी सर्वांत उभा असतो. म्हणून बहुतेक चाल सुरुवातीलाच गळते. एक लाख किमीवर यान पोचतं तेव्हा सेकंदाला अडीच किमीच्या आसपास उरलेले असतात, दोन लाखांवर दीड. पुढे, चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीवर मात करते त्याच्या अलीकडे, चाल एक किमीच्याही खाली उतरते. तिथून उतार लागतो आणि यान पुन्हा जोर धरतं.

सुटल्यापासून चंद्राभोवतीच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन पुन्हा पेटवेपर्यंत ७३ तास गेले. ७३ तास म्हणजे २,६२,८०० सेकंद. ३,८४,४०० ला त्यांनी भागा: सेकंदाला १.४६ किमी, जेमतेम दीड. भागाकारात घालायचा आकडा हा. निम्मा रस्ता साधारण बावीस तासांत सरला आणि उरलेल्या निम्म्याला पन्नासवर तास लागले, हे मुलीला मुद्दाम सांगा. दहा तासांचं उत्तर कुठे घसरलं ते एवढ्यावरून तिला दिसेल.

दहा तासांत चंद्रापर्यंत कोणी जाऊच शकत नाही असंही नाही. २००६ साली प्लूटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स सेकंदाला १६ किमीहून जास्त चालीने सुटलं आणि नऊ तासांच्या आत चंद्राच्या अंतराच्या पुढे गेलं. त्याला तिथे थांबायचं नव्हतं. अपोलोला थांबायचं होतं, आणि जोरात आलेल्या यानाला आवरायला तेवढंच जास्त इंधन वाहून न्यावं लागतं.

चाल आणि वेग यांची वाटणी खरी उपयोगी पडते ती चंद्रयान-३ पाशी. ते १४ जुलै २०२३ ला निघालं आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं, म्हणजे बावीस दिवसांहून थोडे जास्त. सरळ अंतर भागिले काळ केलं तर ताशी ७२० किमीच्या आसपास उत्तर येतं. दाबोळीहून मुंबईला जाणारं विमानही वर गेल्यावर याहून जोरात धावतं! यान काही इतकं हळू जात नव्हतं. एक ऑगस्टपर्यंत ते पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत होतं. प्रत्येक वेळी पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ पेटवून पुढची फेरी आणखी लांब करायची, अशी ती रीत. जवळून जाताना शेवटच्या फेऱ्यांत त्याची चाल सेकंदाला दहा किमीच्या पुढे होती. कापलेला सगळा वेडावाकडा रस्ता भागिले काळ केला तर ‘सरासरी चाल’ निघते, आणि ती मोठी येते. निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतची सरळ रेघ भागिले काळ केला तर ‘सरासरी वेग’ निघतो, आणि तो छोटा येतो. इथे दोन्हींना ‘वेग’ म्हटलं तर मुलगी नक्की गोंधळेल. प्रकाश सरळ आणि एकाच चालीने जातो, म्हणून त्याच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण याला लागून असलेली एक गोष्ट सांगायचा मोह होतो. आपण अंतर काळात सांगतो: ‘मडगाव तासावर आहे’, ‘फेरी पाच मिनिटांवर’. हा ‘-वर’ मराठीत पक्का रुळलेला आहे, पण ऐकणाऱ्याला वाहन आणि रस्ता ठाऊक असतो म्हणूनच तो चालतो. चंद्राच्या बाबतीत यानाच्या भरवशावर हा ‘-वर’ वापरता येत नाही. १९५९ मध्ये लूना १ चंद्राजवळ ३४ तासांत पोचलं, अपोलो तीन दिवसांत, चंद्रयान-३ बावीस दिवसांत. ‘चंद्र तीन दिवसांवर आहे’ म्हणणाऱ्याने कुठल्या यानाने ते सांगायला हवं. ‘चंद्र सव्वा प्रकाशसेकंदावर आहे’ हे मात्र खुशाल म्हणा, कारण वाहन त्या शब्दातच बसलेलं आहे. ‘प्रकाशवर्ष’ला अनेक जण काळाचं माप समजतात. तिथेही मुलीला ‘-वर’ लावून वाचायला सांगा: ‘चार प्रकाशवर्षांवर’, जसं ‘चार मैलांवर’.

वहीत दोन ओळी अशा येऊ द्या: ‘अपोलो ११ ची सुटतानाची चाल सेकंदाला १०.८ किमी. सरळ अंतरावर काढलेला सरासरी वेग सेकंदाला १.४६ किमी.’ दुसऱ्या ओळीत मी ‘वेग’ का लिहिला, ते तिलाच विचारा. अपोलोचा रस्ताही थोडा वाकडाच होता.