रेणुभार दुप्पट आला तर आधी i बघ

भाऊ, गोठणबिंदूच्या उतारावरून काढलेला बेन्झोइक आम्लाचा रेणुभार १२२ ऐवजी २३१ आला म्हणून तू प्रयोग चुकला समजतोस. तुझे आकडे बरोबर आहेत. १.२२ ग्रॅम आम्ल १०० ग्रॅम बेन्झिनमध्ये, म्हणजे ०.१ मोलल. बेन्झिनचा Kf, म्हणजे १ मोलल द्रावणात गोठणबिंदू किती अंश उतरतो तो आकडा, ५.१२; तेव्हा गोठणबिंदू ०.५१ अंशाने उतरायला हवा होता; तो ०.२७ नेच उतरला. बेन्झिनमध्ये या आम्लाचे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधांनी जोडी करतात. कण घटले, म्हणून उतारही घटला.

i म्हणजे व्हॅन्ट हॉफ गुणक, द्रावणातले खरे कण भागिले टाकलेले रेणू. इथे i = १२२/२३१ = ०.५३. आता जपून. मिठाच्या एकाचे दोन कण होतात म्हणून n = २ घेतो, तेच इथे घेतलंस तर α, म्हणजे फुटलेल्या किंवा जोडलेल्या रेणूंचा अंश, ऋण येईल, आणि ऋण α दिसला की सूत्र चुकलंय हे नक्की. इथे दोघांचा एक होतो, म्हणून i = १ − α/२. त्यावरून α ०.९४, म्हणजे ९४ टक्के रेणू जोडीत.

बेन्झिन ५.५ अंशाला गोठतं. जळगावच्या मे महिन्यात बर्फ भराभर वितळतो, म्हणून तो पुरेसा ठेव. बेन्झिन विषारी आहे, ते फ्यूम हुडमध्येच हाताळ. आणि ते कोरडं हवं: पाण्याचा अंश राहिला तर गोठणबिंदू आणखी उतरतो आणि i फुगतो.