डी२चा आलेख कुणी दाखवतच नाही

> टीवाय बीएस्सीला आहे, शनिवारी डिलेड चॉइस क्वांटम इरेजरवर सेमिनार आहे. व्हिडिओत सांगितलं की एक फोटॉन पडद्यावर आदळून गेल्यानंतर त्याच्या जोडीदाराची माहिती पुसली, तर आधीच पडलेला पॅटर्न बदलतो. म्हणजे भविष्याने भूतकाळ बदलला ना? सर म्हणतात तसं नाही, पण का नाही ते सांगत नाहीत. कुणी दादा-ताई समजावेल का?

एमएस्सीला असताना मी अगदी याच जागी अडकले होते, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, मी या विषयातली संशोधक नाही, कॉलेजात शिकवते. डबल स्लिट आणि गुंतलेले फोटॉन म्हणजे काय हे तुला येतं असं धरून चालते. सेमिनार घेतलायस म्हणजे येतच असणार.

माझा घोळ कुठून सुरू झाला ते आधी सांगते, कारण तुझ्या व्हिडिओतही तेच झालेलं असणार. इथल्याच एका संस्थेने (नाव घेत नाही) शनिवार-रविवारची व्याख्यानमाला ठेवली होती. फी भरून गेले. हातात झेरॉक्स नोट्स पडल्या. त्यात किम आणि सहकाऱ्यांच्या क्वांटम इरेजर प्रयोगातल्या दोन डिटेक्टरचे आलेख होते. डी१चा, त्यात छान पट्टे. डी३चा, त्यात नुसता एक उंचवटा. खाली ओळ: "माहिती पुसली की व्यतिकरण परत येतं." डी२चा आलेख गायब! विचारलं तर वक्ते म्हणाले की तो डी१सारखाच असतो. तो सारखा नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. संस्थेच्या ऑफिसात गेले तर म्हणे, नोट्सबद्दलच्या शंका ईमेलने पाठवा. पाठवल्या. उत्तराची वाट अजून बघतेय. पानावर जागा वाचवायला एक आलेख कापला आणि माझं अख्खं सत्र "भविष्य भूतकाळाला हात लावतं" या समजुतीत गेलं. पैसे गेले त्याचं नाही, पण असल्या नोट्स वर्षानुवर्षं तशाच फिरत राहतात याचा राग येतो.

असो. प्रयोगाकडे येऊ. किम, यू, कुलिक, शी आणि स्कली यांचा पेपर २००० साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. कल्पना त्याआधीची, स्कली आणि ड्र्यूल यांची, १९८२ची. आर्गॉन लेसरचा ३५१.१ नॅनोमीटरचा किरण दोन फटींतून बीबीओ स्फटिकावर पडतो. स्फटिकाच्या दोन भागांपैकी कुठल्यातरी एकात (त्यांना अ आणि ब म्हणू) एका फोटॉनचे दोन होतात, प्रत्येकी ७०२.२ नॅनोमीटरचे. त्यातला एक डी० या डिटेक्टरकडे जातो. डी० स्टेपर मोटरवर आडवा सरकत असतो, म्हणजे पडदा समज. दुसरा, जोडीदार, लांबच्या वाटेने जातो. त्याची वाट सुमारे अडीच मीटर जास्त आहे, म्हणून डी० वाजल्यानंतर साधारण आठ नॅनोसेकंदांनी तो कुठेतरी पोचतो.

कुठे पोचतो ते नीट बघ. जोडीदार 'अ'मधून निघाला असेल तर वाटेत एक बीम स्प्लिटर लागतो. निम्म्या वेळा तो तिथेच वळून एका डिटेक्टरवर जातो. 'ब'मधून निघाला तर त्याच्या वाटेवरही असाच एक. हे दोन डिटेक्टर म्हणजे डी३ आणि डी४. यातला एक वाजला की जोडी कुठे जन्मली ते कळलं. उरलेल्या निम्म्या वेळा दोन्ही वाटा शेवटच्या एका बीम स्प्लिटरवर एकत्र येतात आणि मग डी१ किंवा डी२ वाजतो. यावरून अ की ब ते सांगता येत नाही. यालाच "पुसलं" म्हणतात. एक लक्षात घे, या प्रयोगात निवड कुणी माणूस करतच नाही. काचेवर फोटॉन आरपार जातो की वळतो, एवढंच. व्हिडिओवाले बटण दाबणारा शास्त्रज्ञ दाखवतात, तो इथे नाही.

आता आकडे. वहीत लिहून काढ, पाच मिनिटांचं काम आहे. डी० पडद्याच्या मधल्या भागात ठेवला आणि तिथे ४०० वेळा वाजला असं धर. डिटेक्टर आदर्श, कुठे गळती नाही. दोन वाटांमधला फेजचा फरक φ मानला तर जोड्यांची वाटणी अशी येते:

```
डी३ = 100          डी४ = 100
डी१ = 100(1 + cos φ)
डी२ = 100(1 − cos φ)
```

φ शून्य असेल त्या जागी डी१ला २०० आणि डी२ला शून्य. डी० थोडा सरकवून φ = π झाला की उलट, डी१ला शून्य आणि डी२ला २००. मधल्या जागी, φ = π/2 असताना, चारही डिटेक्टरना शंभर-शंभर. प्रत्येक जागी बेरीज कर. ४००, ४००, ४००. डी०वर पट्टे कधीच नव्हते. पुसण्याआधी नव्हते, पुसल्यावरही नाहीत. तुझ्या व्हिडिओतला "बदललेला पॅटर्न" पडद्यावर कुणी कधी पाहिलेलाच नाही. डी०च्या नोंदींतून फक्त डी१सोबतच्या वेगळ्या काढल्या तर त्यांत पट्टे दिसतात, डी२सोबतच्या काढल्या तर बरोबर उलटे पट्टे, एकाच्या उजळ जागी दुसऱ्याचा काळोख. दोन्ही एकावर एक ठेवले की सपाट. म्हणूनच डी२चा आलेख कापला की जादू तयार होते.

हे उलटे पट्टे नशिबाने आलेले नाहीत. बीम स्प्लिटरच्या दोन तोंडांपैकी एकीकडे दोन्ही वाटा मिळून वाढतात, तेव्हा दुसरीकडे त्या कटायलाच हव्यात, नाहीतर आत शिरलेल्या फोटॉनपेक्षा जास्त बाहेर पडतील. फेजचा π इतका फरक तिथून येतो.

आता वेळेकडे. वरच्या तक्त्यात कोण आधी वाजला हे कुठेच येत नाही, आणि तू तो दोन्ही दिशांनी वाचू शकतोस. सगळे तो मागून वाचतात: डी१ वाजला, म्हणून डी० आठ नॅनोसेकंद आधी पट्ट्याच्या उजळ जागी पडला होता. पुढून वाचून बघ. डी० φ = 0 च्या जागी वाजला. त्या क्षणी जोडीदाराची अवस्था ठरली: शेवटच्या बीम स्प्लिटरवर पोचलाच तर तो डी१कडेच जाणार, डी२कडे कधीच नाही. डी० φ = π/2 ला वाजला असता तर तिथे पन्नास-पन्नास. आधीची घटना नंतरच्या घटनेची शक्यता ठरवते आहे, यात भूतकाळ बदलण्यासारखं काय आहे? आकडे दोन्ही वाचनांत तेच. गोंधळ होतो तो फोटॉनने फटीपाशीच "मी लहर होतो" किंवा "मी कण होतो" असं ठरवलं असं आपण मनात धरतो म्हणून. ते गृहीतक सोडलं की मागे जाऊन दुरुस्त करायला काही उरतच नाही.

दादरच्या पुलावरच्या गर्दीचा सकाळचा फोटो संध्याकाळी "वेस्टर्नवाले" आणि "सेंट्रलवाले" असा वाटून बघितला तर सकाळची गर्दी बदलत नाही, असं मी वर्गात सांगते. पण हे उदाहरण सेमिनारमध्ये वापरलंस तर पुढचं वाक्यही म्हण, नाहीतर एखादा तिरसट परीक्षक पकडेल. दादरच्या माणसाला आपण कुठे जाणार हे आधीच माहीत असतं. फोटॉनच्या जोडीत असा आधीच चिकटवलेला शिक्का असतो असं मानून चालत नाही, बेलच्या असमानतेचे प्रयोग त्याच्या विरोधात जातात. म्हणजे गुंतलेपणाचं नवल शिल्लक राहतंच. फक्त त्यातून मागे निरोप धाडता येत नाही. डी० कुलाब्यात आणि जोडीदाराचं यंत्र पनवेलला ठेव. कुलाब्यातल्या माणसाला दिसतो तो सपाट ढीग. त्यातून पट्टे काढायला कुठली नोंद डी१ची आणि कुठली डी२ची ही यादी पनवेलहून यावी लागते, आणि ती फोनने किंवा लोकलने येते, प्रकाशापेक्षा वेगाने नाही. प्रयोगशाळेतही ते काम कोइन्सिडन्स सर्किट करतं, आणि तेही दोन्ही सिग्नल पोचल्यावरच.

काही लोक क्वांटम यांत्रिकीचा अर्थ मागे जाणाऱ्या कारणांच्या भाषेत लावतात. त्यांना हा प्रयोग खोटं पाडत नाही, पण तसं मानायला भागही पाडत नाही. माझं मत, सेमिनारमध्ये त्या वाटेला जाऊ नकोस, वेळ खाईल. व्हीलरचा मूळ डिलेड चॉइस (१९७८) मात्र वेगळा सांग. त्यात जोडीदार नाही, एकच फोटॉन आणि शेवटचा बीम स्प्लिटर असावा की नसावा ही उशिरा केलेली निवड. २००७ साली फ्रान्समध्ये ४८ मीटर लांबीच्या व्यतिकरणमापीवर तो एकेका फोटॉनने करून दाखवला गेला. दोन्ही प्रयोग एकत्र कालवले की ऐकणारे हमखास हरवतात.

जाता जाता एक जुगाड, हवा असेल तर. पातळ तारेच्या डाव्या बाजूला आडवा आणि उजव्या बाजूला उभा पोलरॉइडचा तुकडा चिकटव, लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या लेसर पॉइंटरचा झोत त्यावर टाक आणि दोन्ही बाजू सारख्या उजळतील असा पॉइंटर फिरव. भिंतीवर तारेच्या सावलीत पट्टे नाहीत. मध्ये तिसरा पोलरॉइड ४५ अंशांत धरला की पट्टे येतात, उलट्या ४५ अंशांत धरला की उजळ जागी काळे. हा डिलेड चॉइस नाही, आणि लेसरच्या साध्या लहरींनीही याचं स्पष्टीकरण होतं, हे प्रामाणिकपणे सांग. पण डी१-डी२ डोळ्यांनी दिसतात. झोत कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नकोस.

आणि हा प्रश्न येणारच: डी० वाजून गेल्यावर, जोडीदार वाटेत असताना, कुणी खरंच शेवटचा बीम स्प्लिटर काढून घेतला तर? φ = 0 च्या जागी डी१ला २०० आणि डी२ला शून्य होते, ते आता शंभर-शंभर होतील. डी३, डी४ तसेच. φ = π ला पण शंभर-शंभर. डी१-डी२चे पट्टे गेले, डी०चे ४०० जिथे होते तिथेच. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी लिही, डी०च्या रकान्याखाली रेघ मार आणि पुढच्या स्लाइडवर जा.