‘चिन्हांकित’ नव्हे, ‘चिन्हयुक्त’. आणि चाचणी नव्हे, कसोटी

प्रश्न : संख्याशास्त्रातल्या साइन टेस्टला ‘चिन्ह चाचणी’ आणि साइन्ड-रँक टेस्टला ‘चिन्हांकित क्रमांक चाचणी’ असं वाचलं. दोन्ही एकच का? आणि चाचणी म्हणावं की कसोटी?

कसोटीच म्हणा. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यावरून कषपट्टिका, म्हणजे सोनं घासून पाहायची पट्टी, आणि प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत आली ती कसोटी. ‘निकष’ त्याच धातूचा, म्हणजे निकष आणि कसोटी ही सख्खी भावंडं. झवेरी बाजारात काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढून ती माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहत, तीच ही कसोटी. गंमत अशी की इंग्रजीतला ‘टेस्ट’ही सोनाराघरचाच! लॅटिनमधलं ‘टेस्टम’ म्हणजे मातीचं भांडं, आणि पूर्वी इंग्रजीत सोन्याचांदीचा कस पाहायच्या मुशीला टेस्ट म्हणत. दोन भाषांनी सोन्याच्या परीक्षेवरूनच शब्द घेतला असताना तिथे चाचणी का बसवावी, हे मला पटत नाही. चाचणी रक्ताची असते, घटक चाचणी शाळेत असते. संख्यांचा कस मात्र कशाशी तरी ताडूनच ठरतो, आणि ते ताडणं फक्त कसोटीत ऐकू येतं.

‘चिन्हांकित’ तर साफ चूक आहे. चिन्हांकित म्हणजे खूण केलेला, जशी चिन्हांकित जागा. इथे प्रत्येक फरकाला लहान-मोठेपणावरून क्रम मिळतो आणि फरकाचं अधिक-उणे चिन्ह त्या क्रमाला चिकटून येतं, म्हणून ‘चिन्हयुक्त’. ‘क्रमांक’ही नको. हजेरीपटातला क्रमांक साडेचार कधी असतो का? इथे असतो. म्हणून ‘चिन्हयुक्त क्रमकसोटी’ म्हणा.

दोन्ही कसोट्या एक नव्हेत, हे आकडे हाताने मांडले की दिसतं. समजा ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्या नऊ जणांनी एक दिवस दादरला गाडी बदलली आणि एक दिवस घाटकोपरला उतरून मेट्रो धरली. दादरच्या वेळेतून घाटकोपरची वेळ वजा केली, तर मिनिटांत फरक आले : १२, −३, ९, ०, १५, ७, −२, ९, १८. शून्य कुठल्याच बाजूचं नाही, ते वगळा. उरल्या आठ जोड्या.

चिन्हकसोटी फक्त चिन्हं मोजते : सहा अधिक, दोन उणे. दोन्ही वाटा सारख्याच असत्या तर प्रत्येक चिन्ह नाणेफेकीसारखं पडलं असतं. आठ फेकींचे २५६ प्रकार होतात. त्यांत दोन किंवा कमी उणे येण्याचे १ + ८ + २८ = ३७. उलट बाजूचे तेवढेच धरून ७४. ७४ ÷ २५६ = ०.२९, म्हणजे वाटा सारख्या असल्या तरी असं शंभरात एकोणतीसदा घडेल. ही शक्यता पाच टक्क्यांच्या खाली गेली तरच फरक खरा धरायची रीत आहे, म्हणून इथे काहीच सिद्ध झालं नाही.

१९४५ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांनी मांडलेली चिन्हयुक्त क्रमकसोटी फरक केवढा आहे, हेही विचारते. आधी चिन्हं झाका आणि लहानापासून क्रम द्या : २ ला १, ३ ला २, ७ ला ३. दोन ९ आहेत, त्यांना चौथा-पाचवा वाटून प्रत्येकी साडेचार. मग १२ ला ६, १५ ला ७, १८ ला ८. आता चिन्हं परत लावा. उणे बाजूची बेरीज १ + २ = ३, अधिक बाजूची ३३. दोन्ही मिळून ३६ यायलाच हवेत, कारण ८ × ९ ÷ २ = ३६. जमलं नाही तर क्रम देताना चूक झाली आहे. एक चूक मात्र या बेरजेत पकडली जात नाही : चिन्ह न झाकता क्रम लावले, तर −३ सर्वांत लहान ठरून पहिला येतो. या आकड्यांत बेरजा योगायोगाने त्याच येतात, पण एखादा उणे फरक मोठा असता तर सगळं बिघडलं असतं.

उणे बाजूची बेरीज ३ किंवा कमी येण्याचे प्रकार पाचच : एकही उणे नाही, फक्त १, फक्त २, फक्त ३, किंवा १ आणि २ मिळून. दोन्ही बाजूंचे १०. १० ÷ २५६ = ०.०३९. पाच टक्क्यांच्या आत! उणे फरक दोन होते, पण दोन्ही सर्वांत लहान. चिन्हकसोटीला ते दिसलंच नाही.

म्हणून क्रमकसोटीच नेहमी वापरावी असं मात्र नाही. वाटा सारख्या असल्या तर फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरतील, असं ती गृहीत धरते. फरक ओळीने मांडून पाहा. एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपूट दिसली, तर चिन्हकसोटीवरच थांबा, ती पसरण्याच्या आकाराबद्दल काही मागत नाही. आणि शून्यं वगळून पाचच जोड्या उरल्या, तर दोन्ही निरुपयोगी : पाचही चिन्हं एका बाजूची आली तरी २ ÷ ३२ = ०.०६२५, पाच टक्क्यांच्या खाली जाताच येत नाही. किमान सहा जोड्या हव्यात.