तीन टक्क्यांचा आनंद

ताई, सप्रेम नमस्कार. मी निफाड तालुक्यातील आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि आता नाशिकला भूगोलात एम.ए. करते. माझा लघुप्रबंध द्राक्षबागायतदारांवर आहे. चाळीस जणांच्या मुलाखती मी स्वतः वहीत मराठीतून लिहून घेतल्या आणि प्रबंध गूगल डॉक्समध्ये स्वतःच इंग्रजीत लिहिला. तरी मैत्रिणीने तो एआयने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकल्यावर ७१ टक्के एआय आले. घाबरून मी तो ह्युमनायझरमधून, म्हणजे मजकूर माणसाचा वाटावा म्हणून शब्द बदलून देणाऱ्या साधनातून काढला. तिसऱ्या फेरीत आकडा ३ टक्क्यांवर आला, तेव्हा पुन्हा वाचत न बसता त्याच रात्री सरांना पाठवून दिला. रूममेट म्हणते ही फसवणूक आहे. विचार माझे, कष्ट माझे, इंग्रजी तेवढी परकी. मी अप्रामाणिक आहे का? सोबत आधीचे आणि नंतरचे एकेक पान जोडते आहे.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

तुमच्या पत्रातील ‘पुन्हा वाचत न बसता’ हे चार शब्द तुम्ही जाता जाता लिहिले असतील, पण मी तिथेच थांबले, आणि खरे सांगायचे तर थोडी चिडलेही. चाळीस घरांच्या ओट्यावर बसून माणसांचे बोलणे टिपून घेणारी मुलगी स्वतःच्या नावाचा मजकूर न वाचता धाडून देते आणि मग मला प्रामाणिकपणाबद्दल विचारते.

तुम्ही वाचली नाहीत म्हणून ती दोन्ही पाने मी शेजारी ठेवून वाचली. माझे माहेर दिंडोरीचे, त्यामुळे बागेतील शब्द मला नवे नाहीत. तुमच्या पानावर एप्रिलच्या खरड छाटणीला ‘बॅक प्रूनिंग’ असे रूढ नाव होते. यंत्राने त्याचे ‘रिव्हर्स कटिंग’ केले आहे, आणि ही उलटी कापणी कोणत्या बागेत करतात ते मला ठाऊक नाही. डाऊनी, म्हणजे केवडा, हा ‘सॉफ्ट मोल्ड’ झाला आहे आणि द्राक्षाच्या घडाचा ‘बंच’ जाऊन तिथे ‘क्राउड’ आला आहे. याला हसून सोडून देता आले असते. खालचे वाक्य मात्र सोडून देण्यासारखे नाही. तुम्ही लिहिले होते की ४० पैकी २९ बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसाचा केवड्याशी संबंध असावा, असे सांगितले. नव्या पानावर त्याचे ‘बहुतेक बागायतदारांच्या अनुभवातून हे सिद्ध होते की पावसामुळेच रोग येतो’ असे झाले आहे. आकडा गेला, ‘असावा’ गेला, आणि लोकांनी सांगितलेली गोष्ट तुम्ही सिद्ध केलेली गोष्ट होऊन बसली. हा विचार तुमचा नाही, त्या बागायतदारांचाही नाही, तरी त्याखाली सही तुमची आहे.

असे का होते, ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा त्या आकड्यावर भाळणार नाही. अशा अनेक डिटेक्टरांचा भर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजण्यावर असतो. शब्द नेहमीचे आणि रचना ठरावीक असली की तो मजकुराला यंत्राचा समजू लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे इंग्रजी तसेच असते. ‘इट इज ऑब्झर्व्हड दॅट’ ने सुरू होणारी वाक्ये तिला पाठ असतात आणि चुकू नये म्हणून ती हातातला खात्रीचा शब्दच वापरते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले, आणि अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे माणसाचे म्हणून ओळखले गेले. तेव्हा तुमच्या ७१ टक्क्यांवरून तुम्ही काही चोरले असे ठरत नाही. घाबरण्याऐवजी तुम्ही रागावायला हवे होते.

ह्युमनायझर हेच माप उलट फिरवतो. अपेक्षित शब्दाच्या जागी अनपेक्षित शब्द घालणे आणि वाक्य तोडून वेगळे जोडणे हे त्याचे काम असते. शास्त्रातील पारिभाषिक शब्द सगळ्यांत अपेक्षित असतो, म्हणून बळी आधी त्याचा जातो. ‘मे बी’ सारखा सावध शब्दही ठरावीक वाटतो, म्हणून तोही छाटला जातो. हे नवीन नाही. शब्द बदलून देणाऱ्या आधीच्या साधनांचे असेच अवशेष कबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून वेचून काढले होते, आणि त्यांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेले होते. तुम्ही तर तीन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीला तुमचा मजकूर मिळतच नाही, पहिल्या फेरीत बिघडलेला मिळतो. तीन टक्के म्हणजे डिटेक्टरला ओळखता आले नाही एवढेच. मजकूर बरोबर आहे की नाही, हे त्या आकड्याला कळत नाही.

आता तुमचा प्रश्न. इंग्रजी परकी असताना कोणाकडून व्याकरण तपासून घेणे मला मुळीच अप्रामाणिक वाटत नाही. मामाने वाक्ये सुधारून दिली असती तर तुम्ही ऋणनिर्देशात त्याचे नाव आनंदाने लिहिले असते, आणि स्पेलिंग तपासणारे साधन वापरले असेही लिहिता आले असते. ‘हा प्रबंध डिटेक्टरला ओळखू येऊ नये म्हणून तीन वेळा ह्युमनायझरमधून काढला आहे’ असे मात्र तुम्ही तिथे लिहू शकणार नाही, कारण त्या साधनाचा उपयोग सांगितल्याबरोबर संपतो. तुमची रूममेट इथे बरोबर आहे, जरी तिला कारण सांगता आले नसले तरी. तुम्ही चोर नाही, पण सरांपुढे तुम्ही जे ठेवले ते तुमचे लिखाण नाही, आणि ते तसे आहे हे त्यांना माहीत नाही. विचार माझे आहेत हा बचाव ‘असावा’ गळला तिथेच संपला.

म्हणून उद्याच सरांना निरोप पाठवा की पाठवलेली प्रत बाजूला ठेवा, मी माझी मूळ प्रत घेऊन येते. निरोपाला कारण जोडा, तेही पूर्ण. त्यांनी अजून वाचायला घेतली नसेल तर उत्तम, घेतली असेल आणि ‘रिव्हर्स कटिंग’पाशी थबकले असतील तर तुम्ही त्यांच्या आधी बोललेले बरे. मूळ प्रत गूगल डॉक्समध्ये असेलच. ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली की कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद वाढला आणि खोडला, हे तारखेनिशी दिसते. मात्र बाहेर तयार झालेला मजकूर एकगठ्ठा चिकटवलेला असेल तर तेही तिथे तसेच दिसते, म्हणून ज्या दिवशी ह्युमनायझरचा मजकूर टाकला तो दिवस स्वतःच दाखवा. त्या आधीची प्रत परत आणा, व्याकरणाच्या चुका राहू द्या किंवा सरांसमोर दुरुस्त करा. सर ७१ टक्क्यांचा विषय काढतील, तेव्हा टोफेलच्या त्या निबंधांबद्दल सांगा आणि कोणतेही पान उघडून प्रश्न विचारायला सांगा.

जाताना मुलाखतींची वही न विसरता न्या. पेनाने लिहिलेल्या, मध्येच औषधाचे नाव किंवा पावसाची तारीख टाचलेल्या त्या पानांवर ते २९ ‘असावा’ एकेक करून मोजता येतील, आणि मला वाटते सर आधी तीच वही उघडतील.