इंटरव्ह्यूत आवाज तुटला, तर पुन्हा १५ मिनिटं कशी मागायची?

प्रश्न: काल कोथरूडच्या घरून बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी व्हिडिओ इंटरव्ह्यू दिला. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत माझा आवाज तुटत होता, मग कॉलच बंद पडला. परत जोडेपर्यंत पॅनल म्हणालं, "ठीक आहे, एचआर कळवतील." मेल करून थोडा वेळ मागू का? काय लिहू?

उत्तर: मागा, आणि आजच मागा. मी खराडीत आयटी भरतीचं काम करते. पॅनलवाले आपला फीडबॅक बहुतेक वेळा त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी फॉर्मात भरतात. एकदा तिथे "डेटाबेस: कच्चा" असं लिहिलं गेलं, की ते बदलून घेणं रिक्रूटरला जड जातं. त्याआधी मेल आला तर मी पॅनलला एवढंच सांगते, "तो भाग तूर्त रिकामा ठेवा."

म्हणून मेलमध्ये नेमका कोणता भाग बुडाला ते सांगायचं. "नेटमुळे इंटरव्ह्यू नीट झाला नाही" असं मोघम लिहिलंत, तर पूर्ण फेरी पुन्हा घ्यायची का, असा प्रश्न पडतो. दोन सीनियर माणसांचा तासभर पुन्हा जुळवायला कोणी तयार नसतं. एका प्रश्नासाठी १५ मिनिटं मात्र सहज निघतात.

तुमचं कोणतं उत्तर पोहोचलं आणि कोणतं नाही, हे आधी आठवून काढा. आपला आवाज आपल्याला नीटच ऐकू येतो, त्यामुळे अंदाज चुकतो. तुमच्या उत्तरावर पॅनलने उपप्रश्न विचारला असेल, तर ते पोहोचलं. "हॅलो, ऐकू येतंय का?" इथून पुढचं गेलं असं धरा. जे ऐकलं गेलं पण जमलं नाही, ते या यादीत घुसवू नका. पॅनलला ते लगेच कळतं, आणि मग खऱ्या अडचणीवरचाही विश्वास उडतो.

मेल रिक्रूटरला, इंटरव्ह्यूची वेळ ज्या मेलवर ठरली त्याच साखळीत उत्तर म्हणून. पॅनलच्या लोकांना लिंक्डइनवर गाठू नका, तारखा त्यांच्या हातात नसतात. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा (तुमचा बुडालेला प्रश्न मला माहीत नाही, म्हणून एक धरून लिहिते):

"नमस्कार. कालच्या बॅकएंड डेव्हलपर पदाच्या इंटरव्ह्यूबद्दल आभार. शेवटच्या भागात माझं इंटरनेट तुटल्यामुळे ऑर्डर टेबलवरची क्वेरी हळू चालण्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर पॅनलपर्यंत पूर्ण पोहोचलं नाही. इंडेक्सपर्यंतचं बोलणं झालं होतं, त्यानंतर कॉल बंद पडला. पॅनलला शक्य असेल, तर तेवढ्या भागासाठी १५ मिनिटांचा कॉल मिळेल का? उद्या संध्याकाळी ५ नंतर किंवा परवा सकाळी ११ च्या आधी मला वेळ आहे. फोनवर झालं तरी चालेल. या वेळी वायरच्या कनेक्शनवरून जोडणार आहे आणि मोबाइल हॉटस्पॉटही तयार असेल."

कारण एका वाक्यात संपलंय ते बघा. महावितरण, वायफाय, सोसायटीचं इन्व्हर्टर ही सगळी कहाणी नको, स्पीडटेस्टचे स्क्रीनशॉटही नकोत. तुमची कंपनी, तुमचं ॲप असाही सूर नको. पुन्हा तसं होणार नाही यासाठी काय केलंय, हे वाक्य मात्र गाळू नका. रिक्रूटर पॅनलकडे शब्द टाकते तो त्याच्याच जोरावर. आणि वेळा सुचवताना गुरुवार असेल तर सांभाळा, पुण्यात दुरुस्तीची वीजबंदी बहुधा त्याच दिवशी असते.

बुडालेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून मेललाच जोडावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोडिंगचा प्रश्न असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. नंतर लिहिलेलं उत्तर कुठून आलं हे पॅनलला कळत नाही, त्यांना तुमचा विचार चालताना ऐकायचा असतो. आधीच्या प्रोजेक्टची माहिती अर्धवट राहिली असेल, तर चार-पाच ओळी लिहिलेल्या चालतात.

दोन कामाचे दिवस उत्तर आलं नाही, तर त्याच साखळीत एक ओळीची आठवण करा. त्यापुढे नाही. एकाच दिवशी शेकडो उमेदवार बघणाऱ्या भरतीत असा वेळ बहुधा मिळत नाही, आणि पॅनलचं मत आधीच्या भागावरूनच पक्कं झालं असेल तरी नकार येईल.

कॉल मिळालाच, तर दिलगिरीत दोन मिनिटं घालवू नका. "क्वेरीच्या प्रश्नात आपण इंडेक्सपर्यंत आलो होतो" म्हणा आणि तिथूनच पुढे बोला. आमंत्रणात फोनने जोडायचा नंबर दिलेला असतो बऱ्याचदा, तो आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. व्हिडिओ अडकला तर कॅमेरा बंद करून आवाज वाचवा.